उभ्या रकान्यांतला निकाल : बहुपर्यायी प्रश्नांचे काठिण्य आणि भेदन

शंभर विद्यार्थ्यांनी चाळीस बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी सोडवली की त्यातून एक मोठा तक्ता उभा राहतो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक उभा रकाना असतो, आणि एकूण चार हजार चौकटींत बरोबर उत्तरासाठी १ व चुकीच्या उत्तरासाठी ० असे मांडता येते. निकाल लावताना आडव्या ओळींची बेरीज होते, ती गुणपत्रिकेवर उतरते आणि तक्ता बासनात जातो. उभ्या रकान्यांकडे सहसा कोणी फिरकत नाही, कारण प्रश्नांना गुण द्यायची पद्धत नाही. हे रकाने वाचण्याच्या शास्त्राला प्रश्नविश्लेषण म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पदविश्लेषण असेही नाव आहे, कारण तिथे चाचणीतल्या प्रत्येक प्रश्नाला ‘पद’ म्हणतात. या वाचनाची साधने मुख्यतः दोनच आहेत, एक काठिण्य निर्देशांक आणि दुसरा भेदन निर्देशांक. दोन्ही काढायला बेरीज, वजाबाकी आणि भागाकार पुरतो. अवघड जाते ते त्यांचा अर्थ लावणे.

काठिण्य निर्देशांक म्हणजे प्रश्नाचे उत्तर बरोबर देणाऱ्यांचे एकूण विद्यार्थ्यांशी असलेले प्रमाण. शंभरांपैकी ४९ जणांचे उत्तर बरोबर आले, तर निर्देशांक ०.४९ होतो. तो शून्यापासून एकपर्यंत कुठेही असू शकतो, आणि तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा असतो. म्हणजे नाव काठिण्याचे आणि मोजणी सोपेपणाची, अशी ही उलटी संज्ञा आहे. काही लेखकांनी तिला सुलभता निर्देशांक म्हणून पाहिले, पण जुने नाव एवढे रुळले आहे की ते हटत नाही, आणि नवख्या शिक्षकाकडून ‘०.९ म्हणजे फार कठीण’ असा अर्थ एकदा तरी लावला जातोच.

काठिण्य निर्देशांकातून किती जणांना उत्तर आले ते समजते, कोणाला आले ते समजत नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर वर्गातल्या पन्नास हुशार मुलांना आले असेल, दुसऱ्याचे पन्नास कच्च्या मुलांना आले असेल, आणि तिसऱ्याचे उत्तर पन्नास जणांनी चिठ्ठी टाकल्यासारखे बरोबर दिले असेल. तिन्ही प्रश्नांचा निर्देशांक ०.५० च येतो. हे तीन प्रश्न वेगळे ओळखता यावेत म्हणून भेदन निर्देशांक लागतो. भेदन म्हणजे विषय येणारा आणि विषय न येणारा यांच्यात फरक दाखवण्याची प्रश्नाची ताकद. मात्र विषय कोणाला येतो, हे ठरवायला बाहेरचा पंच क्वचितच मिळतो. त्यामुळे त्याच चाचणीतले एकूण गुण पंच मानले जातात. ही सोय पुढे एका अडचणीचे मूळ ठरते. तिचा विचार शेवटी येईल.

हाताने करायची पद्धत अशी. सगळ्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने एकावर एक रचायच्या, गठ्ठ्याच्या वरून २७ टक्के आणि खालून २७ टक्के काढून घ्यायच्या, आणि मधल्या बाजूला ठेवायच्या. त्यानंतर प्रत्येक प्रश्नासाठी वरच्या गटात किती उत्तरे बरोबर आहेत आणि खालच्या गटात किती, हे मोजायचे. वरच्या संख्येतून खालची वजा करून एका गटातल्या उत्तरपत्रिकांच्या संख्येने भागले की भेदन निर्देशांक मिळतो. वरच्या गटातल्या सर्वांचे उत्तर बरोबर आणि खालच्या गटात एकाचेही नाही, अशा टोकाच्या स्थितीत तो १ होतो. दोन्ही गट सारखेच असतील तर तो शून्य येतो, आणि खालचा गट वरचढ ठरला तर तो ऋण होतो.

यातला २७ हा आकडा पाहून बहुतेक जण थबकतात. तो अमेरिकी मानसमापक ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलेला आहे. (बहुपर्यायी प्रश्नाच्या जन्माशी ज्यांचे नाव जोडले जाते ते कॅन्ससचे फ्रेडरिक केली हे दुसरे, मराठीत दोघांची नावे सारखीच लिहिली जात असल्याने हा घोटाळा हमखास होतो.) आकड्यामागे एक ओढाताण आहे. वरचे दहा आणि खालचे दहा टक्केच घेतले, तर दोन्ही गटांतले अंतर खूप मोठे असते, पण गटांत माणसे इतकी थोडी उरतात की एखाद-दुसऱ्याच्या चुकीने आकडा डळमळतो. उलट वर्गाचे सरळ दोन भाग केले, तर माणसे भरपूर मिळतात, पण मधल्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुले जवळजवळ एकाच पातळीची असल्याने गटांतले अंतर बोथट होते. गुणांची वाटणी घंटेच्या आकाराची, म्हणजे मध्ये दाट आणि कडांना विरळ असेल, तर या दोन गोष्टींचा सर्वांत चांगला मेळ २७ टक्क्यांच्या आसपास बसतो. आकडा पवित्र नाही. शंभरांत सत्तावीस मोजणे सोयीचे आहे, पण तीस मुलांच्या वर्गात वरचे दहा आणि खालचे दहा घेतले तरी काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष दोन प्रश्न जवळून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आकड्यांची ठेवण कोणत्याही आठवीच्या वर्गात सापडेल अशी आहे. शंभर विद्यार्थी, गणिताचे चाळीस प्रश्न, आणि वरच्या व खालच्या गटात प्रत्येकी सत्तावीस उत्तरपत्रिका. सातवा प्रश्न असा : एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली आणि नंतर वाढलेली किंमत २० टक्क्यांनी कमी केली, तर मूळ किमतीच्या तुलनेत आताची किंमत किती? शंभराचे एकशेवीस होतात, एकशेवीसचे वीस टक्के म्हणजे चोवीस वजा होतात आणि शहाण्णव उरतात, म्हणून बरोबर उत्तर ‘४ टक्क्यांनी कमी’ हे आहे. दोन्ही गटांनी पर्याय असे निवडले :

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| अ) बदललेली नाही | ५ | १५ |
| ब) ४ टक्क्यांनी जास्त | १ | ३ |
| क) ४ टक्क्यांनी कमी (बरोबर) | २० | ७ |
| ड) २० टक्क्यांनी कमी | १ | २ |

दोन्ही गट मिळून ५४ पैकी २७ उत्तरे बरोबर आहेत, म्हणून या दोन गटांवरून काढलेला काठिण्य निर्देशांक ०.५०. वीसातून सात वजा करून सत्तावीसने भागले की भेदन निर्देशांक ०.४८ येतो. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट एबल यांनी घालून दिलेली आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी पट्टी अशी आहे की ०.४० किंवा त्याहून अधिक भेदन म्हणजे उत्तम प्रश्न, ०.३० ते ०.३९ म्हणजे बरा, ०.२० ते ०.२९ म्हणजे दुरुस्ती मागणारा आणि त्याखालचा म्हणजे टाकण्याजोगा किंवा मुळापासून नव्याने लिहिण्याजोगा. या पट्टीने सातवा प्रश्न उत्तम ठरतो. पण तक्त्यातली खरी कमाई ‘अ’ पर्यायाच्या ओळीत आहे. खालच्या गटातल्या सत्तावीसपैकी पंधरा मुलांना वाटते की वीस वाढले, वीस कमी झाले, हिशेब फिटला. टक्केवारी दर वेळी वेगळ्या पायावर काढायची असते, हे त्यांच्या ध्यानातच आलेले नाही. वरच्या गटातही पाच जण याच खड्ड्यात पडले आहेत. हा प्रश्न मुलांची क्रमवारी लावतोच, शिवाय पुढच्या तासाला फळ्यावर काय घ्यायचे तेही सांगतो.

चुकीच्या पर्यायांना परिभाषेत विचलक म्हणतात, आणि त्यांचे काम ज्याला उत्तर येत नाही त्याला आपल्याकडे खेचणे हे असते. चांगल्या विचलकाकडे खालच्या गटातली मुले जास्त जातात आणि वरच्या गटातली कमी. एकूण विद्यार्थ्यांपैकी पाच टक्केही ज्याच्याकडे वळत नाहीत तो विचलक निकामी, असा प्रचलित ठोकताळा आहे. इथे ‘ड’कडे चोपन्नपैकी तीनच गेले आहेत, म्हणजे तो काठावर आहे. विचलक सुचण्याची खरी जागा मुलांच्या वह्या ही आहे. शिक्षकाने टेबलाशी बसून मनाने रचलेले चुकीचे उत्तर बहुधा कोणी निवडत नाही, आणि त्यामुळे चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात तीन किंवा दोनच पर्यायांचा होऊन बसतो व अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तेवढी वाढते.

एकोणिसाव्या प्रश्नाची कथा वेगळी आहे. प्रश्न असा : ज्या चौकोनाच्या चारही बाजू समान असतात तो कोणता? पर्याय आहेत आयत, समलंब चौकोन, समभुज चौकोन आणि चौरस, आणि प्रश्न काढणाऱ्याने उत्तरतालिकेत ‘चौरस’ लिहिले आहे. वरच्या गटातल्या आठ जणांनी चौरस निवडला, अठरा जणांनी समभुज चौकोन आणि एकाने आयत. खालच्या गटात पंधरा जण चौरसाकडे गेले, पाच समभुज चौकोनाकडे, चार आयताकडे आणि तीन समलंब चौकोनाकडे. दोन्ही गट मिळून तालिकेप्रमाणे बरोबर उत्तरे तेवीस, म्हणून काठिण्य निर्देशांक ०.४३. तो एकटा पाहिला तर प्रश्न अगदी ठणठणीत वाटतो. भेदन मात्र आठ वजा पंधरा भागिले सत्तावीस, म्हणजे उणे ०.२६ आहे.

ऋण भेदन म्हणजे त्या प्रश्नात कच्च्या मुलांनी हुशार मुलांवर मात केली आहे, आणि असे घडते तेव्हा संशय मुलांवर न घेता प्रश्नावर किंवा तालिकेवर घ्यायचा असतो. कारणे थोडीच असतात. तालिकेत चुकीचे अक्षर पडलेले असते, किंवा दोन पर्याय बरोबर असतात, किंवा प्रश्नाच्या शब्दांत अशी गोम असते की ती नीट वाचणाराच अडखळतो. कुठले कारण हे भेदनाच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वरचा गट कुठे गेला ते पाहावे लागते. इथे वरच्या गटातली दोनतृतीयांश मुले ‘समभुज चौकोन’ या एकाच पर्यायावर एकवटली आहेत. ती विखुरली असती तर धडा कोणालाच कळलेला नाही असे म्हणता आले असते. एकाच ठिकाणी एकवटणे हे त्यांनी विचार करून उत्तर दिल्याचे लक्षण आहे. त्यांना समभुज चौकोनाची व्याख्या पाठ आहे आणि प्रश्नात नेमकी तीच आली आहे. कच्च्या मुलांना ‘समान बाजू’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी आकृती चौरसाचीच असते.

मग तालिका बदलून ‘समभुज चौकोन’ हे उत्तर मानावे का? तसे केले तर भेदन अठरा वजा पाच भागिले सत्तावीस म्हणजे ०.४८ होते, आणि आकड्याच्या मोहात पडणाऱ्याला एवढे पुरेसे वाटेल. पण चौरसाच्याही चारही बाजू समान असतात, आणि प्रश्नात कोनांचा उल्लेखच नाही. म्हणून गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि चौरस लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापायला कोणताही आधार उरत नाही. दोन्ही उत्तरांना गुण दिले की वरच्या गटात सव्वीस आणि खालच्या गटात वीस बरोबर होतात, काठिण्य निर्देशांक ०.८५ वर जातो आणि भेदन ०.२२ वर उतरते. प्रश्न निस्तेज होतो, पण झालेल्या परीक्षेपुरता न्याय्य निर्णय हाच आहे. आकड्याने चुकीची जागा दाखवली. निर्णय मात्र विषयाच्या ज्ञानानेच करावा लागला. स्पर्धा परीक्षांत आयोग किंवा मंडळ प्रथम तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध करते, उमेदवारांच्या हरकती मागवते आणि मग काही उत्तरे बदलून किंवा प्रश्न रद्द करून अंतिम तालिका काढते. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही प्रक्रिया लोकसेवा आयोगाच्या परीक्षांवरून परिचित आहे. ऋण भेदनाचे प्रश्न निकालाआधी बाजूला काढून विषयतज्ज्ञासमोर ठेवले, तर अनेक हरकती येण्यापूर्वीच लक्षात येऊ शकतात.

एबल यांची पट्टी आंधळेपणाने लावली तर मात्र चांगले प्रश्नही बळी पडतात, कारण भेदनाची कमाल मर्यादा काठिण्यावर अवलंबून असते. शंभरांपैकी सहाच मुलांचे चुकलेला एखादा सोपा प्रश्न घ्यावा आणि ती सहाही मुले खालच्या गटातलीच आहेत असे समजावे. याहून आदर्श वागणूक त्या प्रश्नाकडून शक्यच नाही. तरीही वरच्या गटात सत्तावीस बरोबर, खालच्या गटात एकवीस, आणि भेदन सहा भागिले सत्तावीस म्हणजे ०.२२ एवढेच येते. चुकणारेच सहा असतील तर फरक दाखवायला प्रश्नाजवळ आणखी काही नसते. फार कठीण प्रश्नाचेही असेच असते, तिथे बरोबर उत्तर देणारेच थोडे असतात.

यामागचा हिशेब जोड्यांनी मांडला की चटकन समजतो. शंभर मुलांत पन्नास जणांचे उत्तर बरोबर आणि पन्नास जणांचे चूक आले, तर बरोबर-चूक अशा जोड्या पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजार होतात; तेवढ्या जोड्यांत कोण पुढे याविषयी प्रश्नाने काही तरी सांगितले. चौऱ्याण्णव बरोबर आणि सहा चूक असतील तर अशा जोड्या ५६४ च होतात. म्हणून क्रमवारी लावायच्या परीक्षेत मध्यम काठिण्याचे प्रश्न जास्त कामाचे असतात. बहुपर्यायी प्रश्नात हा मध्य ०.५० वर नसतो, कारण चार पर्यायांत डोळे मिटून टिकमार्क केला तरी चारांत एकाचे उत्तर बरोबर येते. म्हणून ०.२५ आणि १ यांच्या मधोमधचा ०.६२ च्या आसपासचा काठिण्य निर्देशांक लक्ष्य मानतात. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५२ मध्ये केलेल्या गणिताप्रमाणे तर तो याहूनही थोडा वर, म्हणजे ०.७४ च्या जवळ असावा.

पण प्रत्येक चाचणी क्रमवारीसाठी नसते. पाढे, वजाबाकीतले हातचे, परिचर्येच्या विद्यार्थ्याने काढलेली औषधाची मात्रा यांची चाचणी घेताना सर्वांना उत्तर यावे हीच अपेक्षा असते. तिथे काठिण्य निर्देशांक ०.९५ आणि भेदन ०.०५ आले, तर शिकवणे पोहोचले असे म्हणायचे, प्रश्न कचऱ्यात टाकायचा नाही. चाचणी कशासाठी घेतली हे न विचारता पट्टी लावणे हा या क्षेत्रातला जुना आणि अजूनही जिवंत असलेला दोष आहे.

भेदन फसवे मोठे येण्याचाही एक प्रकार आहे आणि तो प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या पानावर राहतो. त्याच वर्गाच्या चाळिसाव्या प्रश्नात वरच्या गटात अठरा आणि खालच्या गटात सहा उत्तरे बरोबर आली असे समजू, म्हणजे भेदन बारा भागिले सत्तावीस, ०.४४, पट्टीप्रमाणे उत्तम. आता उत्तरपत्रिका उलटून कोरी घरे मोजली, तर दिसते की वरच्या गटातले सव्वीस जण या प्रश्नापर्यंत पोहोचले होते आणि खालच्या गटातले बाराच. पोहोचलेल्यांपुरते पाहिले तर वर सव्वीसपैकी अठरा, म्हणजे ०.६९, आणि खाली बारापैकी सहा, म्हणजे ०.५०, फरक उरतो ०.१९ चा. चांगल्या प्रश्नाचा मुखवटा गळून पडतो, आणि जे मोजले गेले ते गणित नसून वेग होता हे उघड होते. म्हणून विश्लेषणाच्या तक्त्यात चार पर्यायांखाली ‘सोडला’ आणि ‘पोहोचला नाही’ अशा दोन ओळी वेगळ्या ठेवायच्या असतात. मधला एखादा प्रश्न कोरा आणि पुढचे सोडवलेले असतील तर तो सोडलेला. शेवटचे सलग कोरे असतील तर ते न पोहोचलेले. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात अशा परीक्षेत ‘सोडला’ ही ओळ फुगते आणि तिचा वेगळा अर्थ लावावा लागतो, कारण तिथे घाबरट हुशार मुलेही घर कोरे ठेवतात.

लहान वर्गात हे आकडे किती हलतात याची कल्पना नसली की मोठी गफलत होते. चाळीस मुलांच्या वर्गात २७ टक्के म्हणजे अकरा उत्तरपत्रिका. एका मुलाने पर्याय बदलला की भेदन एकअकरांशाने, म्हणजे ०.०९ ने सरकते, आणि तेवढ्याने प्रश्न ‘बरा’ वरून ‘दुरुस्ती मागणारा’ मध्ये जाऊन पडतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने सत्तावीस-सत्तावीसच्या गटांत मिळालेल्या ०.४८ मध्येही साधारण ०.२३ इकडे किंवा तिकडे एवढी अनिश्चितता असते, आणि अकरा-अकराच्या गटांत ती ०.३७ पर्यंत जाते. एका तुकडीच्या एका चाचणीवरून ०.३१ आणि ०.२७ यांत भेद करणे म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोने तोलणे. अशा ठिकाणी भेदनाचे चिन्ह धन आहे की ऋण आणि आकडा शून्याजवळ आहे की लांब, एवढेच पाहावे, आणि तोच प्रश्न दोन-तीन वर्षे वापरून उत्तरे एकत्र करावीत.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेली अडचण. एकूण गुण हे पंच असतील आणि ज्या प्रश्नाचा निवाडा करायचा तोही त्याच गुणांत मोजलेला असेल, तर आरोपीच न्यायमंडळात बसला आहे असे होते. चाळीस प्रश्नांत एकाचा वाटा लहान असतो, पण दहा प्रश्नांच्या चाचणीत तो दहावा हिस्सा होतो आणि भेदन विनाकारण वाढून दिसते. संगणक हा दोष सहज काढतो. तो प्रत्येक प्रश्न वगळून उरलेल्या प्रश्नांच्या गुणांशी त्याचा सहसंबंध काढतो आणि त्यासाठी मधली सेहेचाळीस टक्के मुलेही वापरतो. ओएमआर पत्रिका वाचणाऱ्या यंत्रांच्या अहवालात ‘बिंदू-द्विश्रेणी सहसंबंध’ या अवजड नावाखाली भेदनाचेच हे रूप छापून येते. सत्तावीस टक्क्यांची पद्धत गठ्ठे हाताने लावण्याच्या काळातली. तरीही वरचा गट कोणत्या पर्यायाकडे गेला हे डोळ्यांना दाखवणारा तिचा छोटा तक्ता सहसंबंधाच्या एका आकड्यापेक्षा शिक्षकाच्या जास्त उपयोगी पडतो.

या अडचणीचा दुसरा पदर संगणकानेही सुटत नाही. चाळीसपैकी चौतीस प्रश्न अंकगणित आणि बीजगणिताचे व सहा भूमितीचे असतील, तर वरचा गट मुख्यतः आकडेमोडीत तरबेज असलेल्यांचा बनतो. भूमितीचे प्रश्न कितीही नेटके असले तरी त्यांचे भेदन तुलनेने कमी येते, कारण आकृती चांगली वाचणारे पण आकडेमोडीत मंद असलेले विद्यार्थी मधल्या किंवा खालच्या गठ्ठ्यात पडलेले असतात. एखाद्याने दर वर्षी भेदन कमी असलेले प्रश्न काढून टाकण्याचा नेम धरला, तर काही वर्षांत चाचणी फार एकजिनसी होते, तिचे सगळे आकडे सुंदर दिसतात, आणि तिच्यातून भूमिती जवळजवळ नाहीशी झालेली असते. म्हणून कोणत्या घटकावर किती प्रश्न हे ठरवणारा संविधान तक्ता आधी समोर ठेवायचा, आणि भूमितीच्या प्रश्नाची तुलना भूमितीच्या प्रश्नांशीच करायची. वाचायला कठीण भाषेत लिहिलेल्या गणिताच्या पेपरात तर वरचा गट चांगले वाचणाऱ्यांचा असण्याचीही शक्यता असते, आणि ते भेदन निर्देशांकातून कधीच कळत नाही.

प्रश्नपेढी, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रश्नांचा साठा, करणाऱ्या शाळांत प्रत्येक प्रश्नाचे एक कार्ड किंवा संगणकातली एक ओळ असते. तिच्यात प्रश्न, उत्तर, घटक, कोणत्या तुकडीला कधी दिला, दोन्ही गटांचे पर्यायनिहाय आकडे आणि दोन्ही निर्देशांक यांची नोंद होते. एकोणिसाव्या प्रश्नाच्या कार्डावर उणे ०.२६ शेजारी ‘दोन उत्तरे बरोबर, चौरस काढावा’ असा शेरा पडेल. चौरसाच्या जागी ‘पतंग’ हा पर्याय घातला की चारांत चारही बाजू समान असणारा चौकोन एकच उरतो, आणि दोन जोड्यांत लगतच्या बाजू समान असल्याने पतंग कच्च्या मुलाला खेचण्याची शक्यताही बरीच असते. तो खरोखर खेचतो का, हे नव्या तुकडीने प्रश्न सोडवल्यावरच कळेल. एक पर्याय बदलला की तो प्रश्न नवा झाला, आणि कार्डावरचे जुने आकडे खोडून निर्देशांकांची घरे पुन्हा रिकामी ठेवावी लागतात.